एक तारीख, दोन न्यायालये : वकिलाने अशिलाला विचारावे ते काय?

नागपूर (प्रतिनिधी) : एकाच अशिलाची दोन प्रकरणे, दोन वेगळ्या न्यायालयांत आणि एकाच दिवशी. वकिली व्यवसायात हा प्रसंग वर्षातून अनेकदा उद्भवतो. नागपुरात तो अधिक उद्भवतो, कारण येथील वकिलांचे कामकाज शहरापुरते मर्यादित नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची हद्द विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांवर असल्याने बाहेरगावचे पक्षकार नागपूरच्या वकिलांकडे येतात आणि मग जिल्ह्यातील प्रकरणेही त्याच वकिलांकडे सोपवितात. परिणामी, एकाच वकिलाच्या डायरीत एकाच तारखेखाली सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालय आणि वर्ध्याचे किंवा भंडाऱ्याचे न्यायालय अशी दोन नावे येऊन बसतात.

अशा वेळी वकिलाने अशिलाला पत्र लिहून ‘दोहोंपैकी कोणत्या ठिकाणी मी उभे राहावे, असे आपणास वाटते,’ असे विचारण्याची पद्धत आहे. प्रश्न साधा दिसतो, परंतु तो नुसताच विचारला तर अशिलाला त्याचे उत्तर देता येत नाही, आणि चुकीचे उत्तर दिले गेले तर त्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

तारखांचा गुंता होतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. कामकाज संपल्यावर न्यायालय पुढील तारीख देते आणि वकील किंवा त्याचा कनिष्ठ सहकारी ती डायरीत नोंदवून घेतो. डायरी हाती असेल तर त्याच क्षणी ‘त्या दिवशी वर्ध्याला आहे’ असे सांगून दुसरी तारीख मागता येते. अनेकदा मात्र तारीख वकिलासमोर ठरतच नाही. न्यायाधीश रजेवर असले की त्या दिवशीच्या बोर्डावरील सर्व प्रकरणांना पुढच्या तारखा पडतात. अचानक सुटी जाहीर झाली तरी तेच होते. ही नवी तारीख ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर दिसते आणि वकिलाच्या कार्यालयात ती दोन-चार दिवसांनी डायरीवर चढते. तारखांची टक्कर लक्षात येते ती तेव्हा.

‘दुसऱ्या न्यायालयात गुंतलो आहे’ हे कारण चालत नाही

वकील दुसरीकडे गुंतला असेल तर न्यायालय तारीख पुढे देईलच, अशी पक्षकारांची सर्वसाधारण समजूत असते. कायदा नेमके उलटे सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मधील पहिल्या नियमानुसार, पक्षकाराचा वकील दुसऱ्या न्यायालयात व्यस्त आहे हे तहकुबीचे कारण ठरू शकत नाही. त्याच नियमात 1 जुलै 2002 पासून आणखी एक मर्यादा लागू झाली : दाव्याच्या सुनावणीत कोणत्याही एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक तहकुब्या देऊ नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात ही मर्यादा वैध ठरविली. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरची परिस्थिती असेल तर अपवाद करता येईल, असे सांगताना तहकुबीची किंमत मोजावी लागेल, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. फौजदारी प्रकरणांतही वकिलाच्या अन्यत्र असण्याबाबत अशीच तरतूद 2008 च्या दुरुस्तीने करण्यात आली.

प्रत्यक्षात न्यायालये यापेक्षा उदार असतात, हे कोणीही वकील सांगेल. विरोधी वकिलाची हरकत नसेल आणि प्रकरण महत्त्वाच्या टप्प्यावर नसेल तर तारीख मिळून जाते. पण ते न्यायालयाच्या मर्जीवर असते, आणि ज्याच्या बाजूने आधीच दोन मुदती घेऊन झाल्या आहेत त्याच्याबाबतीत ही मर्जी लवकर संपते. कोणी किती मुदती घेतल्या, हे रोजनाम्यात लिहिलेले असते. त्यामुळे तारखांची टक्कर लक्षात आल्यावर पहिले काम म्हणजे दोन्ही प्रकरणांचे रोजनामे उघडून पाहणे.

एक उदाहरण

समजा, इतवारीतील एका व्यापाऱ्याची दोन प्रकरणे आहेत. पहिले नागपुरात : त्याच्या लेआउटमधील भूखंडाच्या एका पट्टीवर शेजाऱ्याने कुंपण घातले, म्हणून ताब्यासाठी केलेला दिवाणी दावा. दुसरे वर्ध्यात : तेथे त्याचे दुसरे दुकान आहे, एका गिऱ्हाइकाने दिलेला धनादेश न वटता परत आला, म्हणून 2023 मध्ये केलेली फौजदारी तक्रार. धनादेश व्यापाऱ्याच्या वर्ध्यातील खात्यात भरलेला असल्याने तक्रारही तेथेच करावी लागली. 2015 च्या दुरुस्तीनंतर तक्रारदाराचे खाते ज्या शाखेत असेल तेथील न्यायालयाकडेच अशा प्रकरणाचा अधिकार जातो.

वर्ध्याची तारीख महिनाभर आधीच 17 ला ठरलेली होती. नागपूरचा दावा 4 तारखेला होता, त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते आणि दाव्यालाही 17 चीच तारीख पडली. कनिष्ठ वकिलाने 6 तारखेला डायरी लिहिताना हे पाहिले. हातात अकरा दिवस आहेत. दोन्ही गावांत सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही न्यायालये सिव्हिल लाइन्समध्ये असती तर एका ठिकाणी प्रकरण जेवणाच्या सुटीनंतर घेण्याची विनंती करून भागले असते. येथे तसे होणार नाही.

आता दोन्हीकडे 17 तारखेला काय व्हायचे आहे ते पाहू. नागपुरात प्रतिवादीचा साक्षीदार पिंजऱ्यात येणार आहे आणि व्यापाऱ्याच्या वकिलाने त्याची उलटतपासणी करायची आहे. साक्षीदार हजर असताना वकील तयार नसेल, तर न्यायालय उलटतपासणीविनाच साक्ष पूर्ण झाल्याचे नोंदवू शकते, असे त्याच आदेश 17 मध्ये म्हटले आहे. तसे झाल्यास कुंपण पूर्वीपासूनच तेथे होते, हे साक्षीदाराचे म्हणणे अभिलेखावर जसेच्या तसे राहते. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही आणि झाला तरी खर्च बसतो. या कामासाठी व्यापारी स्वतः हजर असण्याची कायद्याने गरज नाही. दाव्याची खडान्‌खडा माहिती असलेला वकील मात्र हवाच.

वर्ध्यात चित्र उलट आहे. तेथे आरोपीचा वकील खुद्द व्यापाऱ्याची उलटतपासणी घेणार आहे, म्हणजे व्यापारी हजर हवा. तक्रारदार गैरहजर राहिला तर दंडाधिकारी आरोपीला निर्दोष सोडू शकतात, अशी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 256 मध्ये तरतूद आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 279 मध्ये असा आदेश करण्यापूर्वी तक्रारदाराला हजर राहण्यासाठी तीस दिवसांचा अवधी देण्याचे म्हटले आहे. परंतु त्या तारखेपूर्वीची प्रलंबित प्रकरणे जुन्याच संहितेप्रमाणे चालत असल्याने 2023 च्या या तक्रारीला त्या अवधीवर विसंबता येत नाही. एकदा आरोपी सुटला की तो आदेश दंडाधिकाऱ्यांना मागे घेता येत नाही, अपिलात जावे लागते. वकील नव्हे, तक्रारदार नसला तर येथे घात होतो. वकील नसला तर? उलटतपासणीत अडचणीच्या प्रश्नाला हरकत घेणारे आणि नंतर फेरतपासणी करणारे कोणी उरत नाही.

म्हणजे एका ठिकाणी वकील अत्यावश्यक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अशील. नुसता कायदा पाहिला तर वकिलाने नागपुरात थांबावे आणि अशिलाने स्थानिक वकील घेऊन वर्ध्याला जावे, असे उत्तर निघते. मग पत्र लिहून विचारायचे कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. विचारायचे याकरिता, की काही गोष्टी वकिलाला ठाऊकच नसतात. गिऱ्हाईक तडजोडीचे बोलू लागले आहे काय, भूखंडाचा व्यवहार दुसऱ्या कोणाशी ठरत आला आहे काय, अनोळखी वकिलासोबत पिंजऱ्यात उभे राहण्याची त्या माणसाची तयारी आहे काय, हे रोजनाम्यात सापडत नाही.

पत्रात काय असावे

‘17 तारखेला दोन्ही प्रकरणे आहेत, कुठे येऊ ते कळवा’ एवढाच निरोप पाठविणे म्हणजे आपला निर्णय अशिलाच्या डोक्यावर ठेवणे होय. दोन्हीकडे काय पणाला लागले आहे हे न कळताच तो उत्तर देतो, आणि बहुधा ज्या प्रकरणाचा त्याला अधिक संताप असतो त्याचे नाव घेतो. संताप आणि धोका एकाच ठिकाणी असतात असे नाही. उपयोगी पडणारे पत्र साधारण पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

*स. न. वि. वि.*

*आपल्या नागपूरच्या दाव्याची तारीख न्यायाधीश रजेवर असल्याने 4 वरून 17 वर गेली आहे. वर्ध्याच्या तक्रारीचीही तारीख 17 हीच आहे. हे आज आमच्या लक्षात आले. मला त्या दिवशी एकाच ठिकाणी उभे राहता येईल.*

*नागपुरात शेजाऱ्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी मला करायची आहे. आपल्या बाजूने यापूर्वी दोन मुदती घेतलेल्या असल्याने तिसरी मिळेल याची खात्री नाही, मिळाली तरी खर्च भरावा लागेल. वर्ध्यात आपली स्वतःची उलटतपासणी आहे. आपण तेथे गैरहजर राहिलात तर गिऱ्हाईक निर्दोष सुटण्याचा धोका आहे. तेथे आपल्या बाजूने अद्याप एकही मुदत घेतलेली नाही.*

*माझ्या मते मी नागपुरात राहावे आणि आपण वर्ध्यास जावे. तेथील एका वकिलांशी मी बोललो आहे. ते आपल्यासोबत उभे राहतील आणि मी येऊ शकत नाही हे खरे कारण सांगून पुढील तारीख मागतील. न्यायालयाने ती नाकारली तर उलटतपासणी त्याच दिवशी होईल. त्यासाठी 15 तारखेला सायंकाळी आपण कार्यालयात यावे, कागदपत्रे पुन्हा नजरेखालून घालू.*

*आपली इच्छा मी वर्ध्यास यावे अशी असेल तर तसेही करता येईल. मग नागपुरात माझे सहकारी मुदत मागतील व ती न मिळाल्यास उलटतपासणी तेच करतील. त्यांनी दावा वाचलेला आहे, परंतु नकाशाचे मुद्दे त्यांनी हाताळलेले नाहीत.*

*दोहोंपैकी कोणत्याही प्रकरणात तडजोडीची बोलणी सुरू असल्यास अवश्य कळवावे, त्याने माझे मत बदलू शकते. आपले उत्तर 10 तारखेपर्यंत मिळावे. त्यानंतर वर्ध्याच्या वकीलपत्रावर आपली सही घेणे व कागद पाठविणे यांस वेळ पुरणार नाही. उत्तर न आल्यास मी नागपुरात उभा राहीन.*

या पत्रात तीन गोष्टी आहेत, आणि त्यांतील कोणतीही गाळली तर पत्र लंगडे पडते. दोन्ही ठिकाणचा धोका नावानिशी सांगितला आहे, वकिलाने आपले मत आडपडदा न ठेवता दिले आहे आणि उत्तर न आल्यास काय होईल हे आधीच कळविले आहे. पहिल्या दोन बाबी बहुतेक वकील तोंडी सांगतात, तिसरी मात्र हमखास राहून जाते. मग अशील समजतो वकील वर्ध्याला गेले, वकील समजतो अशिलाची हरकत नाही, आणि 17 तारखेला दुपारी दूरध्वनीवर जे बोलणे होते ते दोघांनाही नकोसे असते. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला आणि दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. ‘साहेब, तुम्हीच ठरवा’ असे उत्तर आले तर वकिलाने ‘ठरल्याप्रमाणे मी नागपुरात आहे, आपण वर्ध्यास 11 च्या आत पोहोचावे’ असे उलट कळविणे इष्ट.

उदाहरणातील व्यापाऱ्याचे उत्तर 9 तारखेला येते असे धरू. तो कळवितो, की गिऱ्हाइकाचा भाऊ दुकानावर आला होता, अर्धी रक्कम लगेच आणि उरलेली दिवाळीपर्यंत देतो म्हणतो. धनादेशाचा गुन्हा कायद्याने तडजोडयोग्य असल्याने या एका वाक्याने वर्ध्याच्या तारखेचे स्वरूपच पालटते. आता तेथे उलटतपासणी व्हावी अशी दोन्ही बाजूंपैकी कोणाचीच इच्छा नाही. स्थानिक वकिलाने आरोपीच्या वकिलाशी बोलून तडजोडीसाठी तारीख मिळावी अशी संयुक्त पुरसिस द्यायची, व्यापारी आणि आरोपी दोघांनीही हजर राहायचे आणि मुख्य वकिलाने निश्चिंत मनाने नागपुरात उलटतपासणी करायची. हजर राहणे मात्र टाळता येत नाही. तडजोड तोंडी ठरली आहे म्हणून तक्रारदार घरी राहिला आणि आरोपीने न्यायालयात तडजोडीचा उल्लेखच केला नाही, तर कलम 256 चा धोका जसाच्या तसा उभा असतो.

विचारू नये असा प्रसंग

हे सारे दोन्ही प्रकरणे एकाच अशिलाची असतील तरच लागू पडते. दोन वेगवेगळ्या अशिलांच्या तारखा एकाच दिवशी आल्या तर प्रत्येकाला ‘आपल्याकडे येऊ की दुसरीकडे जाऊ’ असे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक जण आपलेच नाव घेणार, आणि दुसऱ्याच्या प्रकरणाची माहिती त्याला देणे हा गोपनीयतेचा भंग ठरेल. तेथे निवड वकिलानेच करायची असते. सुनावणी अर्ध्यावर आलेले प्रकरण आधी, उच्च न्यायालयातील प्रकरण खालच्या न्यायालयातील प्रकरणाच्या आधी, असे संकेत बारमध्ये रूढ आहेत. ज्याच्याकडे जाता येणार नाही त्याला पर्याय काय केला हे वेळेत कळविणे एवढेच त्या पत्रात असते. ते पत्र विचारणेचे नव्हे, कळविण्याचे असते.

दुसरा मोह खोट्या कारणाचा. ‘वकील आजारी आहेत’ असा अर्ज एका न्यायालयात आणि तोच वकील दुसऱ्या न्यायालयाच्या रोजनाम्यात हजर, हे पूर्वी सहज दडून जात असे. आता दोन्ही न्यायालयांचे आदेश संकेतस्थळावर दिसतात आणि विरोधी वकील ते पाहतो. शिवाय आजारपणाच्या कारणावरही, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते.

वकील गैरहजर राहिल्याने प्रकरण हातचे गेले तर अशिलाला दाद आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ प्रकरणात वकिलाच्या गैरहजेरीचा फटका निष्पाप पक्षकाराला बसू नये, असे म्हणत निकाली निघालेले अपील पुन्हा सुनावणीस घेण्यास सांगितले. नंतरच्या अनेक निकालांत मात्र पक्षकारानेही आपल्या प्रकरणाची खबर ठेवली पाहिजे, असे बजावण्यात आले. वादीच्या गैरहजेरीमुळे काढून टाकलेला दावा पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाला मुदत अवघी तीस दिवसांची आहे.

खबर ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ‘ई-कोर्ट्स’वर तो टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, दोन्ही दिसते. ज्याची एकाहून अधिक प्रकरणे आहेत त्याने दर आठवड्याला सर्व क्रमांक पाहिले तर तारखांची टक्कर वकिलाच्या आधी त्यालाच कळेल. कळल्यावर त्याने वकिलाला लिहिताना दोन्ही तारखांसोबत ‘साक्षीपुरावा’, ‘युक्तिवाद’, ‘हजेरी’ असा तेथे दिसणारा टप्पाही लिहावा, कारण वकील उत्तर देण्यापूर्वी तेच पाहणार असतो.

17 तारखेचे काम येथेच संपत नाही. त्या दिवशी सायंकाळपर्यंत दोन्ही न्यायालये पुन्हा एकेक तारीख देणार असतात. वर्ध्याच्या वकिलाने तेथील तारखेला होकार देण्यापूर्वी नागपूरला दूरध्वनी केला नाही, तर पुढच्या महिन्यात त्याच दोन प्रकरणांसाठी तेच पत्र पुन्हा लिहावे लागते.